मुरबाडच्या शेडमधला गंबोरो: लस दिली होती, दिवस चुकला होता

कोंबडीच्या ज्या पिल्लांच्या आयांना गंबोरो या विषाणूजन्य रोगाच्या लसी नीट मिळालेल्या असतात, ती पिल्लं गंबोरोपासून जास्त सुरक्षित असतात असा आपला समज असतो. पहिले दोन-तीन आठवडे ते खरंही असतं. पण त्याच पिल्लांना आपण लस लवकर दिली, तर ती वाया जाते आणि चौथ्या आठवड्यात सगळ्यात जास्त मरतूक त्यांच्यातच होते. मुरबाड तालुक्यातल्या माझ्या 150 पिल्लांच्या शेडमध्ये हेच झालं. लहान कळप पाळणाऱ्याला उपयोग होईल म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे.

पिल्लं रंगीत, गावठीसारखी वाढणारी. एका हॅचरीची 90 तांबूस, दुसरीची 60 ठिपकेदार. एका हॅचरीकडे पुरेशी नव्हती म्हणून दोन ठिकाणांहून घेतली आणि एकाच ब्रूडरमध्ये सोडली. सहाव्या दिवशी राणीखेतची लासोटा लस आणि दहाव्या दिवशी गंबोरोची इंटरमिजिएट, म्हणजे मध्यम जोराची लस, दोन्ही डोळ्यात थेंब टाकून दिल्या.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी 3 पिल्लं मेलेली होती. पुढचे आकडे वहीत असे आहेत: 11, 14, 6, 2 आणि मग शून्य. पाच दिवसांत 36. हा चढ-उतारच रोग ओळखायची पहिली खूण आहे. गंबोरोची मरतूक एकदम वर जाते आणि पाच-सात दिवसांत खाली येते. राणीखेत, म्हणजे मानमोडी, इतक्या पटकन आटोपत नाही. शिवाय तिच्यात घरघर, हिरवी हगवण, वाकडी मान आणि लुळे पाय दिसतात. माझ्या शेडमध्ये घरघर अजिबात नव्हती. पिल्लं पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली, अंगाला कंप आणि विष्ठा चुन्याच्या पाण्यासारखी पांढरी, पातळ. शेपटीखालची पिसं चिकटून गेलेली. काही पिल्लं स्वतःच्याच गुदद्वाराला चोच मारत होती. हे लक्षण बऱ्याचदा सुरुवातीलाच दिसतं आणि आपण त्याला खोड समजून सोडून देतो.

पांढरी हगवण इतर कारणांनीही होते, म्हणून खात्री पिल्लू फाडूनच होते. पण त्याआधी एक सावधगिरी. एका रात्रीत खूप पक्षी मेले, तुरा निळसर पडला किंवा तोंड सुजलं, तर पक्षी उघडायचा नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता. माझ्याकडे तशी चिन्हं नव्हती, तरी शवविच्छेदन डॉक्टरांच्या हातूनच करून घेतलं.

कातडी सोलल्यावर मांडीच्या आणि छातीच्या मांसावर लाल रेघोट्या दिसल्या, कुणी ब्रशने ओढाव्यात तशा. मूत्रपिंडं फिकट, सुजलेली, आत पांढरा क्षार. पण निर्णायक अवयव बर्सा, पिल्लाची रोगप्रतिकारशक्ती घडवणारा. तो गुदद्वाराच्या वर, पाठीच्या बाजूला असतो. आतडं शेवटापर्यंत उचलून धरलं की त्याच्या मागे गोल पिशवी हाताला लागते. निरोगी पिल्लाचा बर्सा पांढरट आणि घट्ट असतो. आमच्या पिल्लाचा जवळजवळ दुप्पट फुगलेला होता आणि त्याच्यावर पिवळसर जेलीचा थर होता. कापल्यावर आतल्या घड्या सुजलेल्या, दोन ठिकाणी रक्ताचे ठिपके. डॉक्टर म्हणाले, “दादा, आजच आणलंत ते बरं केलंत. आठवड्याने आणलं असतंत तर इथे वाटाण्याएवढा तुकडा मिळाला असता.” कारण बर्सा तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत सुजतो, मग आकसत जातो, आणि आठव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणून मरतुकीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं ताजं पिल्लूच न्यायचं, आदल्या रात्रीचं फुगलेलं नको.

या रोगावर औषध नाही. लागण झालेल्या कळपाला तेव्हा लस देऊनही फायदा नाही. पाण्यात इलेक्ट्रोलाइट आणि गूळ दिला, रात्री बल्ब लावून ऊब वाढवली, खाद्य दोन दिवस हलकं ठेवलं. सल्फाची औषधं हट्टाने टाळली, कारण मूत्रपिंडं आधीच बिघडलेली असतात. दुकानात पांढरी हगवण सांगितली की पहिली तीच पुडी हातात ठेवतात.

आता मुद्द्याकडे. मेलेल्या 36 पैकी 31 तांबूस होती आणि 5 ठिपकेदार. शेड एक, लस एक, दिवसही एकच. तांबूस पिल्लांच्या हॅचरीला फोन केल्यावर कळलं की त्यांच्या आयांना अंड्यावर येण्याआधी गंबोरोची मृत विषाणूची लस टोचतात. म्हणजे त्या पिल्लांत आईकडून आलेल्या प्रतिपिंडांची पातळी उंच होती. दहाव्या दिवशी दिलेला लसीचा जिवंत विषाणू त्या प्रतिपिंडांनी बर्सापर्यंत पोचूच दिला नाही. पुढे आईची प्रतिपिंडं उतरत गेली, स्वतःची तयार झालेली नव्हती, आणि शेडमधल्या रोगाच्या विषाणूने ती मोकळी जागा पकडली. ठिपकेदार पिल्लांत आईचं संरक्षण कमी होतं, म्हणून त्यांच्यात तीच लस लागू पडली.

यातली खरी अडचण अशी की रोगाचा तीव्र विषाणू लसीच्या विषाणूला अडवतील इतकी प्रतिपिंडं असतानाही आत शिरू शकतो. म्हणून लसीसाठी अगदी सुरक्षित दिवस नसतो, धोक्याचे दिवस कमी करता येतात एवढंच.

पुढच्या वेळी 150 पिल्लं एकाच हॅचरीतून घेतली आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांकडून 15 पिल्लांचं रक्त काढून पुण्याच्या खासगी लॅबला प्रतिपिंडांची पातळी मोजणाऱ्या एलायझा तपासणीसाठी पाठवलं. सरासरी आकड्यावर दिवस ठरवायचा नसतो. ज्या आकड्याच्या खाली तीन चतुर्थांश पिल्लं येतात तो घ्यायचा, नाहीतर उंच पातळीची पिल्लं पुन्हा सुटतात. माझा तो आकडा 4000 आला. इंटरमिजिएट लस लागू पडायला पातळी साधारण 125 पर्यंत उतरावी लागते. इंटरमिजिएट प्लस जास्त जोरकस, ती 500 लाच आत शिरते. हे आकडे एलायझाच्या किटप्रमाणे बदलतात, म्हणून लॅबला त्यांच्या किटचे विचारून घ्यायचे.

हिशेब निम्मं करत जाण्याचा आहे. 4000, 2000, 1000, 500: तीन पायऱ्या. 125 पर्यंत पाच. एक पायरी उतरायला ब्रॉयलरला साधारण 3 दिवस लागतात, लेयरच्या पिल्लाला साडेपाच, कारण ब्रॉयलर झपाट्याने वाढतो आणि त्याच्या अंगात प्रतिपिंडं लवकर विरळ होतात. माझी पिल्लं मधल्या चालीची, म्हणून मी 4 धरले. इंटरमिजिएट प्लससाठी तीन पायऱ्यांचे 12 दिवस अधिक रक्त काढल्याचा चौथा दिवस, म्हणजे 16 वा दिवस. साध्या इंटरमिजिएटसाठी 20 अधिक 4, म्हणजे 24 वा. रोग होऊन गेलेल्या शेडमध्ये 24 व्या दिवसापर्यंत थांबणं मला धोक्याचं वाटलं. म्हणून 16 व्या दिवशी इंटरमिजिएट प्लस दिली आणि मागे राहिलेल्या पिल्लांसाठी 23 व्या दिवशी पुन्हा. रक्त तिसऱ्या दिवसाच्या आत काढलं तर हिशेबात एक ते चार दिवस वाढवावे लागतात, म्हणून चौथा दिवस सोयीचा.

तपासणी परवडत नसेल तर 14 व्या आणि 22 ते 24 व्या दिवशी असे दोन डोस डॉक्टरांना विचारून ठरवावेत. घरच्या गावठी कोंबडीखाली निघालेली पिल्लं वेगळी. आईला लस नसेल तर त्यांच्यात अडथळा कमी असतो. अशा पिल्लांना लहान वयात प्लस देऊ नये, कारण ती जोरकस लस बर्सालाच इजा करते. त्यांना साधी इंटरमिजिएट बरी.

दिवस बरोबर निघाला तरी लस देताना घोटाळे होतात. मला मिळालेली सगळ्यात लहान कुपी 200 डोसांची होती. बर्फाच्या थर्मासमध्ये आणली, दुकानात फ्रीज रात्री वीज गेल्यावर किती वेळ बंद असतो ते विचारूनच. सुई टोचल्यावर कुपीने द्रावण स्वतः आत ओढलं पाहिजे. ओढलं नाही तर आतली पोकळी गेली आहे, ती कुपी वापरायची नाही. थेंब 0.03 मिलीचा हवा, म्हणजे 200 डोसांना 6 मिली द्रावण. ड्रॉपर आधी पाण्यावर तपासला: 1 मिलीचे 33 च्या आसपास थेंब पडायला हवेत. माझ्या जुन्या ड्रॉपरचे 22 पडत होते, त्याने 200 डोस 130 पिल्लांतच संपले असते. थेंब डोळ्यात पडला की पिल्लू पापणी मिटून उघडेपर्यंत धरून ठेवायचं. लगेच सोडलं तर डोकं झटकून ते थेंब बाहेर टाकतं. दोघांनी 150 पिल्लं तासाभरात होतात. विरघळवलेली लस दोन तासांत संपवायची, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उद्या वापरायची नाही.

पाण्यातून देणाऱ्याने नळाचं पाणी टाळावं, क्लोरीनने लस मरते. विहिरीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घालून, पिल्लांना आधी तासभर तहानलेलं ठेवून द्यावं. तरीही लहान कळपात दांडगी पिल्लं दुप्पट पितात आणि कोपऱ्यातली कोरडी राहतात, म्हणून माझा कौल डोळ्यातल्या थेंबालाच.

दोन बॅचेसच्या मधलं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं होतं. हा विषाणू रिकाम्या शेडमध्ये चार महिने जिवंत राहू शकतो. तूस गोणीत भरून लांब पुरला. जमीन साबणाच्या पाण्याने घासली, कारण विष्ठेच्या थरावर मारलेलं जंतुनाशक वाया जातं. मग ग्लुटराल्डिहाइड फवारलं, सुकल्यावर दाट चुना लावला आणि शेड पाच आठवडे मोकळी ठेवली. तुसाखालच्या फटींत काळे भुंगे होते. तेही विषाणू अंगावर बाळगतात, म्हणून जुनी लाकडी पट्टी उपटून जाळली. वाचलेले पक्षी विकून झाल्यावरच नवीन पिल्लं आणली. वाचलेल्या पक्ष्यांतल्या बऱ्याच जणांचे बर्सा खराब झालेले होते, त्यामुळे लासोटाचा बूस्टर त्यांच्यावर नीट चढणार नव्हता आणि मानमोडीचं पुढचं संकट त्यांच्याकडूनच आलं असतं.

नव्या बॅचमध्ये दुसऱ्या डोसानंतर तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा 15 नमुने दिले. 14 मध्ये पातळी चांगली चढली होती. एक पिल्लू खालीच होतं, ते कळपातलं सगळ्यात किरकोळ पिल्लू होतं.