आत्याच्या ओव्यांवर आलेला कॉपीराइट क्लेम

माणदेशातल्या आमच्या गावी आत्या पहाटे जात्यावर बसायची तेव्हाच्या ओव्या मी 2022 साली छोट्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केल्या आणि चित्रीकरणासह यूट्यूबवर टाकल्या. चॅनल लहान आहे, पण त्या व्हिडिओला हळूहळू बरेच प्रेक्षक मिळाले. दोन वर्षांनी मेल आला की या व्हिडिओतला काही भाग दुसऱ्याच कुणाच्या मालकीच्या ध्वनिमुद्रणाशी जुळतो, आणि यापुढे जाहिरातींचं उत्पन्न त्या दावेदाराला जाईल. आत्याचा आवाज, आमचं जातं, मागचा आमचाच कोंबडा, आणि मालक भलताच.

सगळ्यात आधी हे नक्की काय आलंय ते पाहिलं. यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे कंटेंट आयडी क्लेम. तुमचा आवाज यंत्राने कुणाच्या तरी नोंदलेल्या आवाजाशी जुळवलेला असतो, त्यातून उत्पन्न वळवलं जातं किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो, पण चॅनलवर डाग लागत नाही. दुसरी म्हणजे स्ट्राइक. ती कायदेशीर मागणीनंतर व्हिडिओ काढून टाकल्यावर लागते, आणि 90 दिवसांत तीन लागल्या तर चॅनल बंद होऊ शकतं. माझ्याकडे क्लेम होता. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या ओळीत `Restrictions` खाली `Copyright` दिसत होतं, तिथून तपशील उघडला. दावेदाराचं नाव, गाण्याचं नाव आणि माझ्या व्हिडिओतला जुळलेला तुकडा असं सगळं त्यात होतं. 2:14 ते 2:25. अकरा सेकंद.

त्याच पानावर तो भाग कापा, म्यूट करा किंवा दुसरं संगीत लावा असे पर्याय मिळतात. क्लेम झटपट सुटावा म्हणून बरेच जण यातलं काहीतरी करून मोकळे होतात. मला ते करायचं नव्हतं. आत्याचा आवाज तिच्याच व्हिडिओतून पुसायचा हा उपाय असूच शकत नाही.

मग ते गाणं शोधलं. बीट लावलेला एक ट्रॅक होता. कलाकारांची गाणी यूट्यूबसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या डिजिटल वितरकामार्फत येतात तेव्हा यूट्यूबवर आपोआप तयार झालेल्या व्हिडिओच्या वर्णनात `Provided to YouTube by` असं लिहून पुढे वितरकाचं नाव असतं आणि खाली `Released on:` पुढे तारीख. त्यावरून दोन गोष्टी हाती लागल्या: आक्षेप पुढे कुणाकडे न्यायचा, आणि ट्रॅक 2024 चा असल्याचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. या एकट्या तारखेवर मात्र विसंबू नये. वितरकाच्या फॉर्मवर जुनी तारीखही भरता येते. माझ्या व्हिडिओची प्रकाशनाची तारीख यूट्यूबनेच नोंदवलेली होती, ती मला बदलता येत नाही, म्हणून तिचं वजन जास्त. संगणकावरच्या फाइलची तारीख तर सगळ्यात कच्चा पुरावा. फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे कॉपी केली तरी ती बदलू शकते.

खरा पुरावा आवाजातच सापडला, आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. रेकॉर्डरमधली मूळ WAV फाइल माझ्याकडे होती. ती ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या पट्टीवर घेतली, त्यांचा ट्रॅक खालच्या पट्टीवर. 2:14 ला आत्या जात्यात मूठभर वैरण घालते, त्यासाठी जातं क्षणभर मंदावतं, तिच्या बांगड्या दोनदा वाजतात आणि 2:21 ला मागे कोंबडा आरवतो. त्यांच्या बीटखाली नेमकं हेच आहे, त्याच अंतरावर. माणूस एकच ओवी पुन्हा म्हणेल, पण बांगड्या आणि कोंबडा यांच्यात तेवढंच अंतर राखून म्हणणार नाही. पुढे ऐकलं तर त्यांनी तो तुकडा गोल फिरवलाय. फेरा संपला की कोंबडा पुन्हा आरवतो, तेवढाच, तसाच. खरं रेकॉर्डिंग असतं तर कोंबडा असा तालात आरवला नसता. आणि त्या अकरा सेकंदांच्या आधीची दोन मिनिटं व नंतरचं सगळं माझ्याकडे आहे, त्यांच्याकडे तुकड्याबाहेरचं एक सेकंदही नाही. मूळ कुणाकडे आहे हे ऐकणाऱ्याला कळायला एवढं पुरे होतं.

क्लेम नेमका कशावर आहे हेही स्वतःशी स्पष्ट करून घेतलं. ओव्यांचे शब्द पिढ्यान् पिढ्या चालत आलेले, त्यांवर माझा हक्क सांगण्यात अर्थ नाही. पण त्या सकाळी झालेलं ध्वनिमुद्रण ही वेगळी वस्तू आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र हक्क आहे आणि तो प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. गाणाऱ्याचाही हक्क त्यात वेगळा धरलेला आहे. म्हणून आत्याकडून साध्या कागदावर लिहून घेतलं की रेकॉर्डिंग तिच्या संमतीने झालं आणि ते प्रसिद्ध करायला तिची हरकत नाही. सही करताना ती म्हणाली, "माझ्या ओव्यांना कोण पैसं मागतंय रं?" मी सांगितलं, "मागणाऱ्यालाच उत्तर द्यायचंय, आत्या."

क्लेमवर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, नोंदवताना कारण निवडावं लागतं: मूळ कलाकृती, परवाना, फेअर यूज, किंवा पब्लिक डोमेन, म्हणजे ज्यावर कुणाचाच कॉपीराइट नाही असं. ओव्या म्हटल्यावर पब्लिक डोमेनकडे हात जातो. पण ते निवडलं तर मुद्दा ओव्यांच्या शब्दांवर जातो, आणि माझं म्हणणं ध्वनिमुद्रणाबद्दल होतं. मी मूळ कलाकृती निवडलं.

आणि इथे एक गोष्ट आधी माहीत असली पाहिजे: हा डिस्प्यूट यूट्यूबच्या कुणा न्यायाधीशापुढे जात नाही, तो दावेदाराकडेच जातो. फॉर्ममध्ये फाइल जोडायची सोय नाही, फक्त मजकूर. त्यामुळे वितरकाच्या हक्क विभागात बसलेल्या, मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत तपासता येईल असंच लिहायला हवं होतं. चार वाक्यं लिहिली, साध्या इंग्रजीत. हे रेकॉर्डिंग मी केलं, गाणारी माझी आत्या आहे, तिची लेखी संमती आहे. माझा व्हिडिओ तुमच्या ट्रॅकच्या आधीचा आहे, दोन्हींची लिंक ही. माझ्या व्हिडिओत 2:21 ला आरवणारा कोंबडा तुमच्या ट्रॅकमध्ये या या वेळांना तसाच ऐकू येतो. मूळ अखंड फाइल मागाल तेव्हा देतो. राग आला होता, तो मजकुरात एका शब्दानेही येऊ दिला नाही, कारण तपासणाऱ्याने चोरी केलेली नव्हती.

वेळेचाही हिशेब असतो. क्लेम आल्यापासून 5 दिवसांत डिस्प्यूट केला तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न बाजूला ठेवलं जातं. उशीर केला तर डिस्प्यूट केल्या दिवसापासूनचंच. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. तो गप्प राहिला तर क्लेम आपोआप सुटतो.

तो गप्प राहिला नाही. डिस्प्यूट फेटाळला, कारण काही दिलं नाही. इथे बरेच जण सोडून देतात, कारण पुढच्या पायरीवर धोका वाढतो. अपील केलं की दावेदाराला 7 दिवस मिळतात, आणि तेव्हाही तो अडून बसला तर व्हिडिओ काढायची मागणी करू शकतो. ती मान्य झाली की स्ट्राइक. काही वेळा ही मागणी 7 दिवस पुढे ढकललेली असते आणि तेवढ्यात अपील मागे घेतलं तर स्ट्राइक टळते. त्याच्याही पुढे काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे काढलेला व्हिडिओ परत लावा अशी कायदेशीर मागणी, असतं. त्यात आपलं खरं नाव आणि पत्ता समोरच्याला दिला जातो, अमेरिकेतल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं, आणि मग न्यायालयात खटला दाखल केल्याचं दाखवायला दावेदाराकडे अमेरिकेतले 10 कामाचे दिवस असतात. रेकॉर्डिंग पूर्ण आपलं असेल, त्यात कुणाचंच संगीत नसेल, तरच हा रस्ता धरावा. पार्श्वभूमीला एखादं सिनेमाचं गाणं वाजत असेल तर मी कुणालाही अपील करायला सांगणार नाही.

माझं रेकॉर्डिंग पूर्ण माझं होतं, म्हणून अपील केलं. त्याच दिवशी वितरकाच्या हक्कविषयक पत्त्यावर वेगळा मेल पाठवला, कारण तिथे फाइल जोडता येते. पूर्ण WAV, ऑडेसिटीतल्या दोन पट्ट्यांचं चित्र, आत्याचा कागद. आणि एकच मुद्दा मांडला: कंटेंट आयडीत आवाज नोंदवायचा तर त्यावर पूर्ण आणि एकट्याचा हक्क लागतो. इथे कलाकाराने फिरवलेला तुकडा त्याचा नाही, म्हणजे नोंदच त्या भागापुरती चुकीची आहे. वितरकाला हे वाक्य पटकन कळतं. चुकीच्या नोंदी त्याच्याही अंगाशी येतात, कारण तो यूट्यूबला त्या नोंदींची हमी देऊन बसलेला असतो.

मुदत संपायच्या आत क्लेम सुटला. वितरकाचं दोन ओळींचं उत्तर आलं, अडकलेलं उत्पन्न पुढच्या हिशेबात जमा झालं.

पण तेवढ्यावर थांबून भागत नाही. क्लेम सुटला म्हणजे त्या एका व्हिडिओवरचा सुटला. नोंद तशीच राहिली तर तोच आवाज असलेला पुढचा व्हिडिओ पुन्हा पकडला जातो. दिवाळीत मी त्याच रेकॉर्डिंगमधला छोटा भाग शॉर्ट म्हणून टाकला आणि त्यावर त्याच ट्रॅकचा क्लेम आला. वितरकाला पहिल्या मेलच्याच धाग्यात उत्तर लिहिलं आणि तो तुकडा नोंदीतून वगळायला सांगितलं. यूट्यूबच्या यंत्रणेत नोंदीचा ठरावीक भाग जुळणीतून बाहेर काढता येतो. त्यांनी तो भाग काढला, शॉर्टवरचा क्लेम गेला, आणि नंतर टाकलेल्या व्हिडिओंवर आलेला नाही. आत्याच्या उरलेल्या ओव्या आता एकेक करून चढवतोय, प्रत्येकीची अखंड फाइल आणि संमतीचा कागद एकाच फोल्डरात.