हिरवी कळी

१९ एप्रिल, रविवार

दुपारी तूरडाळ आणायला लंडनच्या ईस्ट हॅमला गेले होते. पैसे द्यायला गल्ल्यापाशी उभी राहिले आणि वास आला. आधी आजी आठवली, मोगरा मागून. पिशवी हातातच राहिली.

गल्ल्यामागे देवाच्या फोटोला गजरा होता आणि खाली हीटर चालू होता. दुकानातल्या तमिळ मावशी म्हणाल्या, मदुराईचा आहे, विमानानं येतो. फ्रिजमधून त्यांनी दुसरा काढून दिला. नाकाशी धरला, तर वासच नाही! सगळ्या मिटलेल्या कळ्या. मोगऱ्याचा वास कळीत साठलेला नसतो, ती उमलू लागली की तयार होतो आणि थंडीत ती उमलत नाही. हे मला आजीनं शिकवलं होतं, तिच्या पद्धतीनं.

आर्णीजवळच्या आमच्या गावात न्हाणीमागे आजीचा बटमोगरा आहे. संक्रांतीनंतर ती त्याचं पाणी तोडते, फांद्या छाटते, उरलेली पानंही ओरबाडून काढते. लहानपणी मला वाटायचं, झाड मेलं. मग शेणखत घालून आळं भरलं की नवी फूट येते, आणि कळ्या त्या नव्या फुटीच्याच टोकाला. उन्हाळ्यात विहीर आटली तरी आंघोळीचं पाणी त्याच्या आळ्यात जायचं. साबण कमी लाव, असं आम्हाला बजावलेलं असे.

कळ्या तोडायच्या ऊन उतरल्यावर. पांढरी, टपोरी तेवढीच घ्यायची. मी घाईत हिरवटही खुडायचे. आजी ओंजळ उघडून एकेक बाजूला काढायची. "हिरवी काहून तोडली व? थे फुलत नाई." रात्री अंगणात बाजेवर पडलं की उशाच्या वाटीतल्या कळ्या उघडायच्या. दिवसभर तापलेली जमीन, सड्याचं पाणी आणि तो वास. दोन कळ्या माठात पडायच्या, सकाळचं पाणीसुद्धा गोड लागायचं.

खोलीवर येऊन गजरा ओल्या रुमालावर ठेवला. सहा वाजता पहिली कळी सुटली, साडेसातपर्यंत खोली भरून गेली. सतरा कळ्यांपैकी बारा फुलल्या. पाच तशाच मिटलेल्या, देठाकडून तपकिरी पडत चाललेल्या. त्या हिरव्या असतानाच खुडल्या असणार.

तिकडे मध्यरात्र झाली होती, तरी फोन केला. आजी जागीच होती, उकाड्यानं. मी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"पाच वाया गेल्या?"

"हो."

"कोण तोडल्या त्या? लहान लेकरू असन एखादं," ती म्हणाली. "तुयासारखं."

मग बराच वेळ आम्ही दोघी बोललो नाही. तिच्याकडून कुलरचा आवाज येत होता.