शयनगृहातला संगणक आणि दिवाणखान्यातला टीव्ही: घरातल्या घरात गेम स्ट्रीम करण्याचा माझा अनुभव

कोथरूडमधल्या आमच्या सदनिकेत गेमिंगचा संगणक मागच्या शयनगृहात आहे, तर मोठा टीव्ही दिवाणखान्यात. जड डबा रोज उचलून इकडून तिकडे नेणे शक्य नव्हते, म्हणून गेम संगणकावरच चालवून त्याचे चित्र घरातल्या नेटवर्कवरून टीव्हीवर पाठवायचे असे मी ठरवले. संगणकावर सनशाइन आणि टीव्हीवर मूनलाइट हे दोन्ही मोफत प्रोग्राम तासाभरात बसले. चित्र आले, आवाजही आला. मात्र दर काही सेकंदांनी चित्र अडखळत होते आणि कंट्रोलरचे बटण दाबल्यावर पात्र जणू विचार करून मग उडी मारत होते.

माझा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. कार्ड जीटीएक्स १६५० आहे, म्हणजे आजच्या मानाने साधेच. नवे कार्ड घेण्याच्या बेतात असताना माझ्या आतेभावाने मला थांबवले. तो म्हणाला, "दादा, गेम मॉनिटरवर नीट चालतो ना? मग कार्डाला दोष देऊ नकोस." त्याचे म्हणणे बरोबर होते. या कार्डात चित्र संकुचित करून पाठवण्यासाठी वेगळा भाग असतो, त्यामुळे गेम रेखाटण्याच्या कामावर त्याचा फारसा ताण पडत नाही. इंटरनेट पुरवठादाराच्या माणसाने जास्त वेगाची योजना घ्या असे सुचवले, पण तेही गैरलागू होते, कारण हे चित्र घराबाहेर जातच नाही. त्याचा सगळा प्रवास संगणक, राउटर आणि टीव्ही एवढ्यातच होतो.

दोष नेमका कुठे आहे हे मूनलाइटच्या सेटिंगमध्ये आकडेवारी दाखवण्याचा पर्याय चालू केल्यावर कळले. पडद्याच्या कोपऱ्यात तीन ओळी महत्त्वाच्या असतात: नेटवर्कमुळे किती चित्रचौकटी गळाल्या, नेटवर्कला किती वेळ लागला आणि आलेले चित्र उलगडायला टीव्हीला किती वेळ लागला. माझ्याकडे पहिला आकडा पाच-सहा टक्क्यांवर जात होता. मग टीव्हीशेजारी जुना लॅपटॉप ठेवून मी संगणकाला पिंग केले:

```
ping -t 192.168.1.10
```

बहुतेक उत्तरे चार-पाच मिलिसेकंदांत येत होती, पण मधेच एखादे ९० किंवा १४० मिलिसेकंद घेत होते. सेकंदाला ६० चौकटी पाठवायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात; तिथे १४० मिलिसेकंदांचा एक खोळंबा म्हणजे आठ चौकटींची रांग. सरासरी चांगली दिसत होती, म्हणूनच मी इतके दिवस फसलो होतो.

कारण साधे होते. संगणक यूएसबी वायफाय डोंगलवर होता आणि टीव्हीही वायफायवर. त्यामुळे प्रत्येक चौकट आधी शयनगृहातून राउटरकडे आणि मग राउटरकडून टीव्हीकडे, अशी दोनदा त्याच हवेतून जात होती, आणि वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. त्यात आमच्या इमारतीत शेजारपाजारच्या राउटरांची २.४ गिगाहर्ट्झवर एवढी दाटी आहे, की नावांची यादी सरकवत न्यावी लागते. निदान संगणकाची बाजू तरी वायरने जोडणे हाच उपाय होता. एकच वायर टाकणे शक्य असेल, तर ती संगणकापासून राउटरपर्यंत टाकावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे, कारण त्याचा फायदा टीव्हीला आणि फोनला, दोघांनाही होतो.

वायर आणायला मी तपकीर गल्लीत गेलो. पहिल्या दुकानात कॅट-६ म्हणून दाखवलेली वायर फारच स्वस्त वाटली, म्हणून तिच्या टोकाची एक तार ब्लेडने खरवडून पाहिली. आतून ती चंदेरी निघाली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. अशी तार वाकवताना लवकर तुटते. पुढच्या दुकानातून शुद्ध तांब्याची वीस मीटर वायर घेतली. जुन्या केबल टीव्हीची वायर भिंतीतल्या पाइपमधून दिवाणखान्यापर्यंत गेलेली होती. वायरमनने तिच्याच टोकाला नवी वायर बांधून ओढून घेतली, त्यामुळे भिंत फोडावी लागली नाही. विजेच्या वायरांच्या पाइपमधून मात्र ती नेऊ दिली नाही.

जोडणी झाल्यावर विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये वेग १०००ऐवजी १०० दिसला. वायरमनने एका टोकाला तपकिरी जोडीतील तार नीट दाबली नव्हती. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, म्हणून जोडणी चालू दिसते. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. खरे तर १०८०पीच्या चित्राला २० मेगाबिट पुरतात, तेव्हा १००वरही भागले असते. तरीही मी टोक पुन्हा करून घेतले, कारण दबलेली तार आज सैल असेल तर उद्या पूर्ण सुटेल. टीव्ही राउटरशेजारीच असल्याने त्यालाही दीड मीटरची वायर जोडली. त्याचे लॅन पोर्टच १०० मेगाबिटचे आहे, पण ते पुरते.

आता गळणाऱ्या चौकटी शून्यावर आल्या आणि अडखळणे थांबले, तरी बटणाचा उशीर उरलाच. आकडेवारीतली तिसरी ओळ टीव्हीला चित्र उलगडायला २८ मिलिसेकंद लागतात असे सांगत होती. म्हणजे टीव्हीतली चिप कमजोर होती. नात्यातल्या एकाकडे पडून असलेला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आणून एचडीएमआयला लावला, तेव्हा हाच आकडा सहावर आला. पण टीव्हीच्या स्वतःच्या चित्रप्रक्रियेला लागणारा वेळ या आकडेवारीत येतच नाही, आणि तो मोजायला मला फोनचा स्लो मोशन कॅमेरा उपयोगी पडला. सेकंदाला २४० चौकटींच्या चित्रीकरणात अंगठा आणि पडदा दोन्ही एकत्र घेतले, बटण दबल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या चौकटी मोजल्या, तर त्या ४१ भरल्या, म्हणजे सुमारे १७१ मिलिसेकंद. टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टसाठी गेम मोड चालू केल्यावर २१ भरल्या, म्हणजे साधारण ८८. एका पैशाचा खर्च न करता निम्मा उशीर गेला, आणि हे मी सर्वांत शेवटी करून पाहिले, याची अजून चुटपुट लागते.

एक अडचण मात्र अनपेक्षित होती. मॉनिटर बंद केला की विंडोजला पडदाच सापडत नसे आणि स्ट्रीम सुरू होत नसे. काही शे रुपयांचा एचडीएमआयचा डमी प्लग कार्डाच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचल्यावर संगणकाला पडदा जोडलेला आहे असे वाटू लागले आणि ती कटकट मिटली.

फोनसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागले नाही. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावे वेगळी केली आणि फोन फक्त ५वर जोडला. त्यामुळे २.४वरच चालणाऱ्या ब्लूटूथ कंट्रोलरलाही मोकळीक मिळाली. दिवाणखान्यात आणि बाल्कनीत फोनवर खेळ उत्तम चालतो. स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत मात्र मध्ये दोन भिंती येतात आणि ५ गिगाहर्ट्झचा जोर तिथे टिकत नाही. तिथे मी चित्र ७२०पी आणि १० मेगाबिटवर आणतो आणि आपली खेळी येईपर्यंत थांबता येईल असेच खेळ खेळतो.