आठ अंगांत आसन किती?

"मॅडम, सूर्यनमस्कार अष्टांगातल्या कुठल्या अंगाखाली लिहायचा?"

कुठल्याच नाही. साताऱ्यात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि ते साहजिकच आहे. इथल्याच औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला. व्यायाम म्हणून तो मोलाचाच आहे. पण तत्त्वज्ञानाच्या पेपरात आपल्याला योगसूत्रांतलं पतंजलींचं म्हणणं मांडायचं असतं.

यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. यातल्या आसनाला पतंजली जेमतेम तीन सूत्रं देतात. आसन स्थिर आणि सुखाचं असावं. प्रयत्न सैल सोडून चित्त अनंताशी एकरूप झालं की ते साधतं. आणि ते साधलं की थंडी-उष्म्यासारखी द्वंद्वं छळत नाहीत. बळ किंवा लवचिकता यांचा इथे उल्लेखही नाही. या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात पद्मासन, वीरासन यांच्या जोडीने टेकू घेऊन बसण्याचं 'सोपाश्रय'ही येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शरीराने सारखं आपल्याकडे लक्ष ओढून घेऊ नये, एवढीच ही मागणी आहे. पुढे प्राणायामात श्वासाची गती आवरते आणि प्रत्याहारात इंद्रियं विषयांचा पाठलाग सोडतात.

विद्यार्थ्यांचा खरा गोंधळ होतो तो शेवटच्या तिघांत. ते तीन वेगळे अभ्यास समजून लिहितात. वास्तविक विषय एकच असतो, चित्त त्यात उत्तरोत्तर मुरत जातं. भाष्यकारांनी धारणेसाठी सुचवलेल्या जागांपैकी नाकाचा शेंडा घ्या. मन तिथे बांधलं, जरा वेळाने ते राजवाड्याच्या चौपाटीवर गेलं, पुन्हा आणून बांधलं: इथवर धारणा. मधले खंड मिटून त्याच विषयाचं भान सलग वाहू लागलं की ध्यान. पण ध्यानात 'मी हे पाहतोय' ही जाणीव उरलेली असते. तीही मावळून केवळ विषयच प्रकाशतो, चित्ताला जणू स्वतःचं रूपच नाही असं होतं, तेव्हा समाधी. सूत्रातला 'इव', म्हणजे हा 'जणू', उत्तरात गाळू नका. चित्त नष्ट होत नाही, ते फक्त वेगळं जाणवत नाही.

'समाधी म्हणजे मोक्ष' असं लिहून थांबणारी उत्तरंही मी खूप तपासते. आठवं अंग हा या दर्शनाचा शेवट नाही. पहिल्या पाच अंगांच्या तुलनेत पतंजली या तिघांना अंतरंग म्हणतात आणि लगेच पुढच्याच सूत्रात सांगतात, की जिच्यात चित्ताला कुठलाच विषय उरत नाही त्या निर्बीज समाधीच्या दृष्टीने हेही बहिरंगच. या आठव्या अंगात चित्ताला धरायला अजून विषय असतो. अंगांच्या अनुष्ठानाने मळ झडतो आणि ज्ञान उजळत विवेकख्यातीपर्यंत, म्हणजे चैतन्यरूप पुरुष आणि जड प्रकृती वेगळे आहेत या स्वच्छ दर्शनापर्यंत पोहोचतं. त्या विवेकाविषयीही वैराग्य आलं, की मगच कैवल्य, म्हणजे या दर्शनातला मोक्ष.