पोलमध्ये चाक जिंकलं

सायकल दुरुस्तीचं माझं यूट्यूब चॅनल आहे. पुढचा व्हिडिओ कशावर करायचा, हे मी बरीच वर्षं स्वतःच ठरवायचो. मग कम्युनिटी पोस्टचा नाद लागला. एका शनिवारी चार पर्यायांचा पोल टाकला: चाक शून्यापासून विणणं, गिअर ट्यूनिंग, हब ओव्हरहॉल आणि डिस्क ब्रेकचा आवाज. दोन दिवसांत अकराशेवर मतं आली आणि त्यातली ५८ टक्के चाकाला मिळाली. ब्रेक तळाला होता, ९ टक्क्यांवर.

माझा एडिटर खूश. "लोकांनीच मागितलंय, आता डोकं कशाला खाजवायचं?" चाक विणायला मलाही आवडतं. स्पोकची लांबी कशी काढायची, क्रॉसिंग कसं धरायचं, ट्रूइंग स्टँडवर शेवटचा अर्धा मिलिमीटर कसा काढायचा, सगळं जीव ओतून शूट केलं. अकरा दिवस गेले त्यात. व्हिडिओ आला आणि आपटला. पहिल्या आठवड्यातले व्ह्यूज नेहमीच्या निम्म्यावरही नव्हते. प्रेक्षक कुठवर टिकतात ते दाखवणारी रिटेन्शनची रेघ बघितली, तर स्पोकची लांबी मोजायला लागतो तिथेच ती घसरत गेलेली.

एडिटरने थंबनेलला दोष दिला. थंबनेल बदललं, फरक पडला नाही.

मग मी वेगळी पोस्ट टाकली. पर्याय नाहीत, पोल नाही, साधा एक प्रश्न: "तुमच्या सायकलला शेवटचा त्रास कधी आणि कसला झाला? मग तुम्ही काय केलंत?" काय बघायला आवडेल, हे मुद्दाम विचारलं नाही. प्रतिसाद पोलपेक्षा खूपच कमी आले, दोनशेच्या आसपास. साहजिक आहे, पोलला एक टॅप पुरतो, इथे टाइप करावं लागतं. त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. वही घेऊन एकेक कॉमेंट वाचली, डावीकडे तक्रार लिहिली आणि उजवीकडे माणसाचे नेमके शब्द.

साठेक जणांचा त्रास एकच होता: ब्रेक घासतो. कुणी लिहिलं 'सुई सुई वाजतं', कुणी 'चाक फिरवलं की खसखस', कुणी 'आवाजाची लाज वाटते म्हणून सायकल काढतच नाही'. 'डिस्क ब्रेकचा आवाज' हे शब्द एकाही कॉमेंटमध्ये नव्हते, ते माझे होते. पोलमध्ये तो पर्याय का पडला, याचा एक धागा इथे सापडला. ज्याच्या सायकलला 'खसखस' होते, त्याला आपली अडचण त्या पर्यायात ओळखू आलीच नसावी. शिवाय मी तो शेवटी ठेवला होता आणि चाक पहिलं. पर्यायांचा क्रम मीच लावलेला, तरी तेव्हा हे डोक्यात आलं नव्हतं.

पण खरा धक्का एका नावाने दिला. पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं, हे आपल्याला दिसत नाही, फक्त टक्के आणि एकूण मतं. या गृहस्थांनी मात्र त्याच पोलखाली लिहिलं होतं, "चाकच पाहिजे, दुसरं काही नको." आता लिहीत होते की ब्रेक घासतो म्हणून दोन महिने सायकल उभी आहे. मी उत्तरात विचारलं, "चाकाचा व्हिडिओ बघितलात का हो?" "नाही अजून. वॉच लेटरमध्ये टाकलाय, एकदा निवांत बघणार आहे."

म्हणजे मत खोटं नव्हतं. आपल्याला एक दिवस चाक विणता यावं, ही त्यांची खरीच इच्छा होती. मी मात्र त्या इच्छेला मागणी समजलो. (नुसतं अल्गोरिदमला चारा म्हणून 'हा रंग की तो रंग' असले पोल टाकणारी चॅनल्स माझ्यापेक्षा सुखी असावीत, त्यांना निकाल वाचावा लागत नाही.)

ब्रेकचा व्हिडिओ सहा मिनिटांचा केला. ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, ब्रेक लिव्हर दाबून धरा, धरूनच दोन्ही बोल्ट आलटून पालटून कसा. एवढं करूनही चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घासत असेल, तर रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, वाकलाय. शीर्षकात 'खसखस' घातलं, वहीतून उचलून. व्हिडिओ चाकाच्या कितीतरी पट चालला, आणि प्रेक्षक कुठून आले ते सांगणाऱ्या ट्रॅफिक सोर्समध्ये सर्चचा वाटा मोठा निघाला.

इथेच मी अडकलोय. हे यश त्या पोस्टचं, की विषयच सर्चचा होता म्हणून? पोस्टला उत्तर देणारे आधीपासूनचे प्रेक्षक, आणि व्हिडिओ चालवला तो मला न ओळखणाऱ्यांनी. आधीच्यांच्या अडचणी नव्यांशी जुळल्या हा माझा अंदाज. एका व्हिडिओवरून तो पक्का होत नाही.

त्या गृहस्थांची कॉमेंट परवा आली, ब्रेकच्या व्हिडिओखाली: "घासायचं थांबलं. चाकाचा दुसरा भाग कधी?" तो अर्धा शूट होऊन पडलाय.