न्यूट्रलचा करंट: ५, ३ आणि २ अँपिअरची चार उत्तरे (वागळे इस्टेट बोर्ड, चौथी नोंद)

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात थ्री फेज लोडचा जो बोर्ड बांधायला घेतला आहे, त्याचे वायरिंग पूर्ण झाले. मागच्या नोंदीनंतर एकच प्रश्न उरला होता. तीन फेजचे करंट मोजले, तर न्यूट्रलचा करंट कागदावर काढता येतो का? येतो, पण एक अट आहे. या नोंदीतला बहुतेक भाग त्या अटीबद्दलच आहे.

बोर्डावर आधी चार पोलचा एमसीबी, मग चार पोलचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि त्यापुढे लाल, पिवळी, निळी अशा तीन फेजच्या तारा व काळा न्यूट्रल. प्रत्येक फेजवर एक हीटर आणि त्याला समांतर सरकता ऱ्हिओस्टॅट. R वर १००० वॅटचा हीटर, Y वर ५०० चा, B वर २५० चा. ऱ्हिओस्टॅट सरकवून करंट हव्या त्या आकड्यावर आणायचा. न्यूट्रलची तार फेजच्याच जाडीची घेतली आहे. ‘न्यूट्रलमध्ये काय जाणार आहे’ असे म्हणून ती बारीक घेऊ नका.

पहिल्या चाचणीत आरसीसीबी लगेच पडला. लोडचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढून न घेता आधीच्या न्यूट्रल लिंकवरून घेतला गेला होता. अशा जोडणीत न्यूट्रलचा सगळा करंट आरसीसीबीला गळती म्हणून दिसतो. तिन्ही फेज अगदी समान असतील तर तो टिकतो, आणि एका फेजचे लोड जरा बदलले की पडतो. आरसीसीबी फक्त असमान लोडवर पडत असेल, तर हीटर उघडण्याआधी न्यूट्रल कुठून आला आहे ते बघा. (पावसाळ्यात बंद ठेवलेल्या हीटरच्या नळीत ओल शिरली तरी आरसीसीबी पडतो, पण तेव्हा तो लोड समान असतानाही पडतो.)

आता मोजणी. R वर ५, Y वर ३ आणि B वर २ अँपिअर. साधी बेरीज दहा होते, पण न्यूट्रलमध्ये दहा येत नाहीत, कारण तिन्ही करंट एकमेकांपासून १२० अंशांवर आहेत. तिन्ही लोड नुसते रोधाचे असतील, किंवा तिघांचा पॉवर फॅक्टर एकच असेल, तर हे सूत्र चालते:

```
IN = sqrt(IR² + IY² + IB² − IR·IY − IY·IB − IB·IR)
```

आकडे घातले की २५ + ९ + ४ म्हणजे ३८, त्यातून १५ + ६ + १० म्हणजे ३१ वजा, उरले ७. त्याचे वर्गमूळ २.६५ अँपिअर. ट्रू आरएमएस क्लँप मीटरने न्यूट्रलवर २.६ दाखवले.

सूत्र पाठ करण्यापेक्षा घटक काढून बेरीज करण्याची सवय लावलेली बरी, कारण पुढे तीच कामाला येते. R चा करंट आडव्या रेषेवर ठेवा. Y उणे १२० अंशांवर, म्हणून आडवा घटक −१.५ आणि उभा −२.६०. B अधिक १२० वर, म्हणून −१ आणि +१.७३. आडवी बेरीज २.५, उभी −०.८७, आणि लांबी पुन्हा २.६५.

यानंतर B वरचा हीटर काढून तिथे लोखंडी गाभ्याचा ०.३२ हेन्रीचा चोक आणि त्याच्याशी एकसरीत ऱ्हिओस्टॅट लावला. मल्टिमीटरवर दोघांचा मिळून रोध साधारण ५७ ओहम ठेवला, म्हणजे करंट २ अँपिअर आणि व्होल्टेजच्या ६० अंश मागे यावा. तिन्ही अँमीटरवर पुन्हा ५, ३, २. वरवर काहीच बदललेले नाही, पण न्यूट्रलवरचा क्लँप ४.४ अँपिअर दाखवतो.

घटक काढले की कारण दिसते. B चा करंट आता १२० वर नसून ६० अंशांवर आहे, म्हणून त्याचा आडवा घटक −१ ऐवजी +१ झाला. आधी तो R ला खोडत होता, आता R मध्ये भर घालतो. आडवी बेरीज ४.५, उभी −०.८७, लांबी ४.५८.

४.५८ आणि ४.४ मधला फरक मीटरचा नव्हता. B वरच्या वॅटमीटरने २५८ वॅट दाखवले. त्याला २३१ व्होल्ट आणि २ अँपिअरच्या गुणाकाराने भागले की पॉवर फॅक्टर ०.५६, म्हणजे कोन ६० ऐवजी ५६ अंश. मल्टिमीटर चोकच्या तारेचा थंड असतानाचा रोध दाखवतो. गाभ्यातला लोह-व्यय आणि तापलेल्या तारेचा वाढीव रोध त्यात येत नाही. ५६ अंश धरून बेरीज केली तर ४.४५ येते, आणि मोजणीशी जुळते. म्हणून कोन रोधावरून काढू नका, वॅटमीटरवरून काढा.

तोच चोक B ऐवजी Y वर लावून, करंट तेच ५, ३, २ ठेवून, आणि कोन ६० अंश धरून हिशोब केला तर Y चा करंट उणे १८० वर जातो, R च्या अगदी उलट. न्यूट्रलमध्ये फक्त २ अँपिअर उरतात. आणि चोक B वरच ठेवून फेजचा क्रम उलटा झाला, तर उत्तर ३ अँपिअर. नुसत्या रोधाच्या लोडला क्रमाने फरक पडत नाही. पॉवर फॅक्टर वेगवेगळे असले की पडतो. त्यामुळे बोर्ड दुसऱ्या सॉकेटवर हलवला की आधी फेज सीक्वेन्स मीटर लावायचा, मगच जुन्या आकड्यांशी तुलना करायची.

पडताळणीची एक सोपी युक्ती आहे. R, Y आणि B या तिन्ही तारा एकत्र क्लँपच्या जबड्यात घेतल्या की मीटर थेट न्यूट्रलचा करंट दाखवतो, कारण बेरीज जबड्यातच होते. चौथी न्यूट्रलची तारही आत घेतली की शून्य यायला हवे. शून्य आले नाही, तर करंटचा काही भाग अर्थमधून किंवा दुसऱ्या न्यूट्रलमधून परततो आहे. इथे जबडा पूर्ण मिटलेला हवा. थोडी फट राहिली तरी आकडा चुकतो.

एलईडी ड्रायव्हर आणि संगणकाच्या पॉवर सप्लायना वरची पद्धत पुरत नाही. समजा प्रत्येक फेजवर १ अँपिअर आहे, आणि त्यात ५० हर्ट्‌झचा भाग ०.८ व तिसऱ्या हार्मोनिकचा ०.६ आहे. लोड समान असल्यामुळे ०.८ चे भाग एकमेकांना खोडतात. तिसऱ्या हार्मोनिकचे तिन्ही भाग मात्र एकाच वेळी चढतात-उतरतात, म्हणून न्यूट्रलमध्ये १.८ अँपिअर येतात, म्हणजे फेजपेक्षाही जास्त. साधा सरासरीवर चालणारा क्लँप इथे चुकीचा आकडा देतो.

न्यूट्रल सोडून चाचणी बोर्डावर केलेली नाही आणि करणारही नाही. फक्त हिशोब केला आहे. ५, ३, २ च्या शुद्ध रोधाच्या लोडवर, २३० व्होल्ट धरून, न्यूट्रल तुटला तर स्टार पॉइंट ६१ व्होल्टने सरकतो. R वर १७४, Y वर २४९ आणि B वर २७९ व्होल्ट येतात. सगळ्यात कमी लोड असलेल्या फेजला सगळ्यात जास्त व्होल्टेज मिळते. म्हणून न्यूट्रलमध्ये एकट्याने तुटणारे काही, म्हणजे फ्यूज किंवा सिंगल पोल एमसीबी, लावलेले नाही, आणि लिंकचे स्क्रू प्रत्येक बैठकीआधी सप्लाय बंद करून आवळले जातात.

पुढच्या बैठकीत B वरच्या चोकला समांतर कपॅसिटर लावायचा आहे. कोन ६० अंश आणि २३० व्होल्ट धरले तर २४ मायक्रोफॅरडला B चा करंट १ अँपिअरवर उतरून व्होल्टेजच्या जवळजवळ सोबत येईल, आणि न्यूट्रल हिशोबाने ३.४६ अँपिअर असेल.