मुख्यालय सोडण्याची परवानगी

अमेरिकेच्या व्हिसाला एका दिवसाची रजा पुरत नाही. आधी केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, मग वकिलातीत मुलाखत. बहुधा लागोपाठच्या दोन दिवशी. वकिलात मुंबईत, आम्ही कोल्हापूरचे. म्हणजे दोन किरकोळ रजा आल्याच.

अर्जात कारण काय लिहायचं? लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीत आहे, हे ऑफिसला एवढ्यात कळायला नको होतं. व्हिसा नाकारला तर "काय झालं हो?" ऐकत बसावं लागतं, आणि मिळायच्या आधीच माझ्या टेबलाचा चार्ज कोणाकडे यावर खलबतं सुरू होतात. आजारपण लिहावं, तर नेमकं महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये आवक-जावकचं कोणीतरी समोरच्या बर्थवर असतं. लग्न लिहिलं की पत्रिका बघायला मागतात. ‘घरगुती कामानिमित्त’ मात्र खरंही आहे आणि पुढचं दारही लावून घेतं.

पण सरकारी अर्जात तेवढ्यावर सुटका नाही. मुख्यालय सोडण्याची परवानगी मागावी लागते, रजेतला पत्ता द्यावा लागतो. मी डोंबिवलीच्या दिरांचा दिला. उतरणार तिथंच होतो. साहेबांना केबिनमध्ये एवढंच सांगितलं, "मुंबईत एक अपॉइंटमेंट आहे, तारीख माझ्या हातात नाही. पुढे गेली तर रजाही पुढे न्यावी लागेल. आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन लागणार नाही." हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण वकिलातीत मोबाइल नेऊ देत नाहीत आणि आमच्याकडे फाइल नेमकी तेव्हाच हरवते. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. त्यांचा मुलगाही बाहेर आहे.

डोंबिवलीत जाऊबाईंनी विळीला हात लावू दिला नाही. बोटाला चीर पडली की ठसा नीट उठत नाही, प्रसंगी पुन्हा बोलावतात. केंद्रावर काचेवर आधी डाव्या हाताची चार बोटं, मग उजव्या हाताची, शेवटी दोन्ही अंगठे. फायली चाळून गुळगुळीत झालेली माझी बोटं मशीनला पटकन पटेनात. तिथल्या मुलीने कापडाने पुसून पुन्हा दाबायला लावली.

दुसऱ्या दिवशी खिडकीपलीकडच्या बाईंनी तेच विचारलं, जे ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. कोणाकडे जाताय, कशासाठी, किती दिवस, नोकरी काय करता, इतकी रजा मिळेल का? इथे ‘घरगुती काम’ चालत नाही. "लेकीच्या बाळंतपणाला, दोन महिने. अर्जित रजा शिल्लक आहे, परतल्यावर त्याच टेबलावर हजर व्हायचंय." दोन-तीन मिनिटांत आटोपलं. त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला, तेव्हा हायसं वाटलं. नकार असला की तो तिथल्या तिथे चिठ्ठीसकट हातात देतात.

ऑफिसात "काम झालं का?" असं विचारलं गेलंच. "झालं," म्हटलं. शिक्का बसून पासपोर्ट येईपर्यंत तेवढंच. त्यानंतर परदेशी जाण्याच्या परवानगीचा रीतसर अर्ज करायचाय, आणि त्यात लेकीचा पत्ता पिनकोडसकट लिहावा लागणार आहे.